पहिल्या तासाचं टाचण काढताय? मी केलेल्या या चुका टाळा

माझा पहिला तास होता सहावीला, विषय अपूर्णांकांची बेरीज. आदल्या रविवारी टाचण घेऊन सदाशिव पेठेत आत्याकडे गेलो. ती ३१ वर्षं गणित शिकवून रिटायर झालीये. तिने चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि पहिलंच विचारलं, "तास किती मिनिटांचा?" म्हटलं ३५. "त्यातली हजेरी आणि वह्या काढण्यात पाच गेली. उरलेल्या तीसमध्ये तू बेरीज, वजाबाकी आणि मिश्र अपूर्णांक तिन्ही शिकवणार?"

ही पहिली चूक, आणि नवीन माणूस हमखास करतो, कारण मुद्दे संपले तर उभं राहून काय करायचं ही भीती असते. आत्याने सगळं खोडून एकच ओळ लिहिली: तास संपताना मुलाला १/२ + १/३ करता यावं आणि उत्तर २/५ का नाही हे सांगता यावं. बास.

हे २/५ म्हणजे वर अंशांची बेरीज, खाली छेदांची बेरीज, आणि वर्गातली बरीच मुलं हेच लिहितात. माझ्या टाचणात ते कुठेच नव्हतं, मी सरळ "समच्छेद करा" या नियमाने सुरुवात केली होती. आत्या म्हणाली, "अरे, आधी त्यांनाच उत्तर विचार, २/५ येईल, ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिही आणि पुसू नकोस, चूक आहे असंही लगेच म्हणू नकोस. मग विचार, पाचाचं अर्धं किती? अडीच. म्हणजे पाचातले दोन हे अर्ध्यापेक्षा कमी झाले. अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, असं होईल का?" नियमाची गरज मुलांना इथे वाटते, त्याआधी सांगितला तर ती फक्त उतरवून घेतात.

दुसरी गडबड माझ्या साहित्यात होती. मी फळ्यावर पिझ्झा काढणार होतो. आत्याने पाठकोरा कागद दिला, "काढ, आणि बरोब्बर तीन भाग कर." नाही जमले, एक भाग चांगलाच मोठा झाला. मग म्हटलं कागदाच्या पट्ट्या देऊ आणि घड्या घालायला सांगू, तर तिने पट्टीही हातात दिली. अर्ध्याची घडी पटकन पडते पण तीन सारख्या घड्या घालताना माझीच पट्टी दोनदा चुरगळली, आणि वर्गात तर ४२ मुलं! म्हणून चौकटीच्या वहीतून ६ चौकटींच्या पट्ट्या घरूनच कापून न्यायच्या, सगळ्या सारख्या लांबीच्या, कारण एकाचं अर्धं लहान पट्टीतलं आणि दुसऱ्याचा तिसरा हिस्सा मोठ्या पट्टीतला असेल तर बेरजेला अर्थच नाही. सहाचं अर्धं ३ चौकटी, तिसरा हिस्सा २ चौकटी, रंगवल्या की ५ दिसतात. ५/६. छेद सहा कुठून आला ते मुलांना मोजून कळतं.

मग तिने मिनिटं वाटली: चुकीचं उत्तर आणि अडीचचा प्रश्न ५, पट्ट्या १०, फळ्यावर दोन गणितं ८, शेवटचं एकट्याने सोडवायचं ५, आणि दोन मिनिटं मोकळी. हे मला मोठ्याने बोलून दाखवायला लावलं, घड्याळ लावून. पट्ट्यांना मीच १६ मिनिटं घेतली, कारण वाटण्याचा वेळ धरला नव्हता! उपाय साधा, प्रत्येक बाकाचा गठ्ठा आधीच रबर लावून ठेवायचा.

शेवटी मी लिहिलं होतं, "समजलं का असे विचारणे". आत्याने तिथे लाल रेघ मारली. सगळे एका सुरात हो म्हणतात आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी १/४ + १/६ वहीत सोडवायला द्यायचं, बोलायचं नाही, बाकांमधून फिरायचं. २/१० दिसलं तर मूल अजून तिथेच अडकलंय. ५/१२ आलं तर जमलं. आणि कोणी १०/२४ लिहिलं तर खोडायचं नाही हं, ते बरोबरच आहे, छेदांचा गुणाकार करून आलंय, फक्त संक्षिप्त रूप राहिलंय.

सोमवारी ११ वह्यांत २/१० होतं आणि मी खूप खट्टू झालो. संध्याकाळी फोनवर आत्याने एवढंच विचारलं, "त्या अकरा जणांनी पट्टी कितीची घेतली होती?" तेव्हा लक्षात आलं, त्यांच्याकडे सहाचीच पट्टी होती आणि सहाचा पाव भाग म्हणजे दीड चौकट, मोजणार कशी! रात्री बसून १२ चौकटींच्या पट्ट्या कापल्या, मंगळवारचं टाचण तिथूनच सुरू केलं.