खडबडीत केलं तरी ड्रॅग कमी होत नाही? सिलिंडरच्या प्रयोगात या चुका टाळा

50 मिमी व्यासाचा गुळगुळीत सिलिंडर विंड टनेलमध्ये वाऱ्याला आडवा धरला आणि वेग सेकंदाला 30 मीटर ठेवला, तर ड्रॅगचा, म्हणजे हवा सिलिंडरला मागे ओढते त्या बलाचा, गुणांक 1.2 च्या आसपास येतो. त्याच सिलिंडरवर पॉलिश पेपर चिकटवला की तो निम्म्याच्या जवळपास उतरावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कधी उतरतो, कधी जागचा हलत नाही आणि कधी उलट वाढतो. उपकरणात बिघाड असेल असं अशा वेळी वाटतं, पण चूक बहुतेकदा समजुतीत किंवा मांडणीत असते.

चूक 1: खडबडीतपणाने घर्षण घटतं असं मानणं

खडबडीत पृष्ठभागावर घर्षण वाढतंच. तरीही एकूण ड्रॅग घटू शकतो, कारण या आकारात घर्षणाचा वाटा मुळातच नगण्य आहे. वरच्या उदाहरणात तो एकूण ड्रॅगच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतो. बाकी सगळा ड्रॅग दाबाचा: पुढच्या बाजूला दाब जास्त, मागच्या बाजूला कमी. म्हणून पाहायचं ते मागच्या बाजूच्या दाबाकडे.

हवा सिलिंडरच्या नाकावर थांबते, तिथे दाब सर्वांत जास्त असतो. तिथून बाजूंकडे जाताना ती वेग घेते आणि दाब उतरतो. हा उतरता दाब हवेला पुढे ढकलतो, त्यामुळे इथवर काही अडचण नाही. बाजू ओलांडून मागे जाताना मात्र दाब पुन्हा चढू लागतो. बाहेरच्या हवेकडे हा चढ चढायला पुरेसा वेग असतो. पृष्ठभागाला चिकटून सरकणाऱ्या पातळ थराकडे, म्हणजे सीमास्तराकडे, तो नसतो. घर्षणाने त्याची गती आधीच खर्च झालेली असते. अगदी तळाची हवा थांबते, मग उलटी वाहू लागते आणि वरचा प्रवाह पृष्ठभाग सोडून देतो. प्रवाह सुटल्यावर मागच्या बाजूला दाब परत चढतच नाही, तो खालच्या पातळीवर अडकून राहतो.

आता हिशेब पाहा. नाकापासून 80 अंशांवर प्रवाह सुटला आणि त्यामागे सगळीकडे दाब गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या गतिज दाबाच्या पटीत मोजलेला दाबातला फरक, −1.2 राहिला, तर त्या भागाचा ड्रॅगमधला वाटा 1.2 × sin 80° म्हणजे 1.18. सुटण्याआधीच्या भागात पुढचा दाब आणि बाजूंचं शोषण एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. म्हणजे जवळपास पूर्ण 1.2 एकट्या मागच्या बाजूतून आला.

सीमास्तर टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, झाला तर बाहेरची वेगवान हवा सतत खाली मिसळत राहते आणि तळाच्या हवेला चढ चढायला बळ मिळतं. समजा प्रवाह 110 अंशांपर्यंत चिकटून राहिला आणि मागचा दाब गुणांक −0.7 झाला, तर तोच वाटा 0.7 × sin 110°, म्हणजे 0.66. घर्षण दुप्पट झालं तरी या फरकापुढे त्याची गणती नाही.

चूक 2: प्रवाह 90 अंशांवर सुटतो असं गृहीत धरणं

सिलिंडर 90 अंशांवर सर्वांत रुंद असतो, म्हणून हवा तिथून ‘वळू शकत नाही’ असं स्पष्टीकरण बऱ्याच प्रॅक्टिकलच्या वह्यांत सापडतं. पण लॅमिनार, म्हणजे खळबळ नसलेला, सीमास्तर 80 अंशांच्या आसपास सुटतो, म्हणजे सर्वांत रुंद जागेच्या आधीच. वळणच कारण असतं तर हे घडलं नसतं.

इथे आणखी एक सापळा आहे. घर्षणरहित प्रवाहाचं सूत्र `Cp = 1 − 4 sin²θ` सगळ्यांना पाठ असतं; Cp म्हणजे दाब गुणांक, θ म्हणजे नाकापासूनचा कोन. त्यात दाब 90 अंशांवर नीचांकी, −3 इतका असतो. हा दाब घेऊन सीमास्तराचं गणित केलं तर सुटण्याचा कोन 105 अंशांच्या आसपास येतो आणि प्रयोगाशी जुळत नाही. याचा अर्थ सीमास्तराचं गणित चुकलं असा नाही, त्याला दिलेला दाब चुकीचा होता. मागचा वेक, म्हणजे प्रवाह सुटल्यावर मागे उरणारा खळबळीचा पट्टा, पुढच्या बाजूचाही दाब बदलतो. खऱ्या सिलिंडरवर नीचांक 70 अंशांच्या आसपास येतो, तोही −3 च्या निम्म्यापेक्षा उथळ. तिथूनच प्रतिकूल चढ सुरू होतो, म्हणून पुढच्या दहा-बारा अंशांत प्रवाह सुटतो. गणितात मोजलेला दाबच घाला.

आलेख वाचतानाही नीचांकाच्या जागेला सुटण्याची जागा म्हणू नका. नीचांकानंतर दाब थोडा चढतो आणि मग रेषा सपाट होते. सपाटी जिथे सुरू होते, त्याच्या आसपास प्रवाह सुटलेला असतो.

चूक 3: रेनॉल्ड्स संख्या न पाहता खडबडीतपणा लादणं

‘खडबडीत चेंडूला ड्रॅग कमी’ हे वाक्य वेग आणि व्यास सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. हे दोन्ही रेनॉल्ड्स संख्येत येतात: वेग गुणिले व्यास, भागिले हवेची गतिक श्यानता. गुळगुळीत गोळ्याचा सीमास्तरही पुरेशा वेगाला आपसूक टर्ब्युलंट होतो. रेनॉल्ड्स संख्या 3 लाखांच्या आसपास गेली की गोळ्याचा ड्रॅग गुणांक 0.5 वरून 0.2 च्या खाली कोसळतो. खडबडीतपणा एवढंच करतो की ही घसरण कमी वेगावर ओढून आणतो. 1914 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्लने गोळ्याच्या मध्यरेषेच्या जरा पुढे तारेचं कडं बसवून हेच दाखवलं. पॅरिसमधल्या आयफेलच्या आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या मोजमापांत गोळ्याचा ड्रॅग दुपटीहून अधिक फरकाने का येत होता, तेही त्यातून उलगडलं.

गोल्फचा चेंडू घ्या: व्यास 42.67 मिमी, वेग सेकंदाला 70 मीटर, हवेची गतिक श्यानता 1.5 × 10⁻⁵ m²/s. रेनॉल्ड्स संख्या सुमारे 2 लाख येते. गुळगुळीत गोळ्यासाठी ही संख्या अजून अपुरी आहे, गुणांक 0.5 आणि बल सुमारे 2.1 न्यूटन. खळग्यांच्या चेंडूची घसरण मात्र 50 हजारांच्या आसपासच होऊन गेलेली असते. त्याचा गुणांक साधारण 0.25, म्हणजे बल 1.05 न्यूटन. चेंडूचं वजन फक्त 0.45 न्यूटन आहे हे लक्षात घेतलं की या फरकाचं मोल कळतं.

हेच खळगे 40 मिमीच्या टेबल टेनिसच्या चेंडूला देऊन तो सेकंदाला 10 मीटरने मारला, तर रेनॉल्ड्स संख्या 27 हजारांच्या आतच राहते आणि काही फायदा होत नाही. दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. गुळगुळीत पृष्ठभागाची घसरण होऊन गेल्यावर खडबडीतपणा निव्वळ तोटा करतो, कारण जाड झालेला सीमास्तर लवकर सुटतो. म्हणून जितका पेपर भरड तितका फायदा जास्त, असंही नाही. भरड पेपरने घसरण लवकर येते, पण खाली जाऊन ती थांबते तो तळ उंच असतो.

आपल्या 50 मिमीच्या सिलिंडरची संख्या 1 लाख आहे. 0.2 मिमी कणांचा पेपर घेतला तर कणाची उंची व्यासाच्या 0.004 पट होते आणि घसरण साधारण याच संख्येजवळ येते. म्हणजे प्रयोग अगदी काठावर आहे. पुण्यात ही गोष्ट आणखी बोचते. तिथली उंची आणि 30 अंश तापमान धरलं तर हवेची घनता 1.2 नसून 1.09 च्या आसपास असते, आणि त्याच वेगाला रेनॉल्ड्स संख्या 88 हजारांवर येते. पुस्तकातली श्यानता वापरून 1 लाख लिहिणारा गट घसरणीच्या अलीकडेच उभा असतो. अशा वेळी एकाच वेगावर थांबू नका. 15 पासून 40 पर्यंत पाच-सहा वेग घ्या, म्हणजे घसरण आलेखात दिसेल.

चूक 4: मांडणीतल्या बारीक गोष्टी सोडून देणं

बहुतेक कॉलेजांत सिलिंडरला दाब मोजायचं एकच छिद्र असतं आणि सिलिंडर कोनमापकावर फिरवून वाचन घेतात. अशा सिलिंडरवर 50 अंशांवर तार चिकटवली तर प्रत्येक वाचनाला तारही फिरते, आणि तुम्ही दर वेळी वेगळाच प्रवाह मोजता. मिळणारा आलेख कोणत्याच सिलिंडरचा नसतो. एकच छिद्र असेल तर सगळीकडे सारखा पेपर लावा आणि छिद्रापाशी तेवढाच भाग स्वच्छ कापा. तार वापरायची असेल तर सिलिंडर स्थिर आणि छिद्रं अनेक हवीत. तार दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावली तर त्या बाजूचाच प्रवाह उशिरा सुटतो आणि सिलिंडरवर आडवं बल येतं. क्रिकेटच्या नव्या चेंडूची शिवण तिरकी धरली की स्विंग मिळतो, तो याच कारणाने.

या वेगाला पुढच्या भागात सीमास्तर जेमतेम 0.2 मिमी जाड असतो. त्यामुळे प्रवाह दाखवायला पुढे चिकटवलेला दोरा किंवा टेपची कड स्वतःच तारेचं काम करते. दोरे फक्त मागच्या बाजूला लावा.

शून्य कोन सर्वाधिक दाबावरून ठरवू नका, कारण तिथे आलेख सपाट असतो. डावीकडे आणि उजवीकडे 35 अंशांवरचे दाब सारखे येईपर्यंत सिलिंडर फिरवा. तिथे चढ इतका तीव्र आहे की 2 अंशांची चूक दोन्हींत 0.25 च्या आसपास फरक दाखवते.

300 मिमीच्या टनेलमध्ये 50 मिमीचा सिलिंडर सहाव्या हिश्श्याची वाट अडवतो, त्यामुळे गुळगुळीतचा गुणांकही 1.2 पेक्षा बराच वर येतो. 20 मिमीचा घेतला तर अडथळा कमी होतो, पण रेनॉल्ड्स संख्या 40 हजारांवर येते आणि पेपरचा परिणामच दिसत नाही. आमच्या मते 50 मिमीच ठेवावा, अडथळ्याचं प्रमाण नोंदवावं आणि पुस्तकातल्या आकड्याशी थेट तुलना टाळावी.

चूक 5: बेरीज न तपासणं

दर 10 अंशांच्या वाचनावरून ड्रॅग काढायचा तर 0 ते 180 अंशांपर्यंत `Cp cosθ Δθ` यांची बेरीज करायची, दोन्ही टोकांना अर्धं वजन द्यायचं आणि Δθ रेडियनमध्ये, 0.1745, घ्यायचा. शीट तपासायला बरेच जण `1 − 4 sin²θ` घालून उत्तर शून्य येतं का ते पाहतात. ही तपासणी अपुरी आहे. अंश-रेडियनचा घोळ असला तरी शून्य शून्यच राहतं, आणि टोकांचं वजन चुकलं तरी दोन्ही टोकं एकमेकांना खोडतात. त्याऐवजी `Cp = cosθ` घाला. उत्तर 1.571 यायला हवं. 90 आलं तर Δθ अंशांत राहिला आहे, 1.745 आलं तर टोकांना पूर्ण वजन दिलं गेलं आहे.

संगणकावर हाच प्रवाह सोडवणाऱ्यांची चूक नेमकी उलटी असते. 1 लाख रेनॉल्ड्स संख्येला गुळगुळीत सिलिंडरसाठी `k-epsilon` हे टर्ब्युलंट प्रवाहाचं मॉडेल लावलं की ते सीमास्तर नाकापासूनच टर्ब्युलंट धरतं, सुटण्याचा कोन मागे सरकतो आणि ड्रॅग खूपच कमी येतो. ड्रॅगचा आकडा पाहण्याआधी पृष्ठभागावरचा घर्षण-ताण कोणत्या कोनाला शून्य होतो ते पाहा. तो 80 च्या आसपास नसेल, तर तुम्ही गुळगुळीत सिलिंडर सोडवलेलाच नाही.