गोपनीयता धोरण सोप्या मराठीत लिहायला बसण्याआधी

वेबसाइटचं गोपनीयता धोरण मराठीत आणायचं ठरलं की बहुतेक संस्था जुनं इंग्रजी पान समोर ठेवतात आणि ओळीमागून ओळ मराठी करत जातात. ते पान आधी बाजूला ठेवा. ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या वेबसाइटवरून उचललेलं असतं आणि तुमच्या सर्व्हरवर प्रत्यक्षात काय साठतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. माहिती कुठून येते, कोण पाहतं आणि कधी पुसली जाते हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक नसलं की त्याचं वाक्य आपोआप गुळमुळीत होतं. म्हणून या कामाची तयारी लिहिण्यापेक्षा मोठी आहे.

उदाहरण म्हणून रावेर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. तिच्या वेबसाइटवर मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवड हंगामांसाठी टिश्यू कल्चरच्या रोपांची नोंदणी होते, आगाऊ रक्कम ऑनलाइन भरता येते, आणि करपा पडलेल्या पानाचा फोटो चढवला की कंपनीचा कृषी सल्लागार शेतकऱ्याला फोन करतो. नोंदणीच्या फॉर्मवर नाव, गाव, मोबाईल नंबर, गट नंबर, लागवडीचं क्षेत्र, जन्मतारीख आणि आधार क्रमांक विचारलाय. सातबारा आणि पासबुकाचा फोटोही मागितलाय.

पहिली तयारी म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्याला शेजारी बसवून हा फॉर्म स्वतः भरायचा आणि लगेच डेटाबेसमधली ती नोंद उघडून बघायची. फॉर्मवर नऊ गोष्टी विचारल्या असल्या तरी नोंदीत जास्त रकाने सापडतात. `ip_address` म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, `user_agent` म्हणजे ब्राउझरची ओळख, नोंद कधी झाली ती वेळ, अशी माहिती शेतकऱ्याने दिलेली नसते, ती आपोआप घेतलेली असते. मग संगणकावर क्रोममध्ये वेबसाइट उघडून F12 दाबा, Application नावाच्या भागात Cookies, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, बघा. तिथे `_ga` दिसलं तर वेबसाइटवर गूगल अ‍ॅनालिटिक्स ही भेटी मोजणारी सेवा चालू आहे. मुद्दाम बदल केला नसेल तर गूगल ती कुकी 2 वर्षांची ठेवतं, पण क्रोम कुठलीच कुकी 400 दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही, म्हणून तिथे तेवढीच मुदत दिसेल. Network या भागात पान उघडताना आणखी कुठल्या कंपन्यांच्या पत्त्यांवर विनंत्या जातात तेही दिसतं. ती यादी जशीच्या तशी उतरवून घ्या. फॉर्म बघून लिहिलेल्या धोरणात नेमका हाच सगळा भाग राहून जातो.

पानाच्या फोटोपाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे सगळ्यात नाजूक माहिती लपलेली असू शकते. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोच्या फाइलमध्येच तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश जातात. म्हणजे शेतकऱ्याने करप्याचा फोटो पाठवला आणि सोबत आपल्या बागेचा नेमका ठिकाणाही दिला, त्याला न कळता. काही फोन फाइल चढवताना ही माहिती काढून टाकतात, काही काढत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. अंदाज करत बसू नका. दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून फोटो चढवा आणि सर्व्हरवरच्या फाइलवर exiftool हा फोटोतली लपलेली माहिती दाखवणारा प्रोग्राम असा चालवून बघा:

```
exiftool -gps:all foto.jpg
```

उत्तरात आकडे आले तर दोनच मार्ग उरतात. सल्ल्यासाठी ठिकाण लागत असेल तर ते घेतो असं धोरणात स्पष्ट लिहायचं. लागत नसेल तर फोटो साठवण्याआधी ते काढून टाकायची सोय वेबसाइटवाल्याकडून करून घ्यायची. करपा ओळखायला पान दिसणं पुरेसं असतं, त्यामुळे माझं मत ठामपणे दुसऱ्या मार्गाकडे आहे.

दुसरी तयारी कारणांची. एका मोठ्या कागदावर माहितीची प्रत्येक बाब लिहा आणि तिच्यापुढे एक वाक्य पूर्ण करा: ‘ही घेतो, कारण…’ मोबाईल नंबर घेतो, कारण रोपांचा टेम्पो निघण्याआधी फोन करावा लागतो. गाव आणि गट नंबर घेतो, कारण रोपं कुठे उतरवायची ते ठरवायचं असतं. क्षेत्र घेतो, कारण त्यावरून रोपांची संख्या काढतो. इथपर्यंत पेन अडत नाही. जन्मतारखेपुढे मात्र ते थांबतं. एवढंच पाहायचं असेल की माणूस 18 वर्षांवरचा आहे, तर तसं विचारून एक खूण करायला सांगणं पुरे. 18 वर्षांखालच्यांसाठी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, म्हणून हा प्रश्न ठेवावा, पण पूर्ण तारखेची गरज नाही.

सातबाऱ्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. त्या एका कागदावर अर्जदारासोबत त्याच्या भावांची, बहिणींची, आईची नावं असतात आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुठल्या बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे तेही असतं. रोपं घ्यायला आलेल्या एकाने आपल्यासोबत घरातल्या चौघांची माहिती दिली, आणि त्या चौघांना कुणी विचारलेलंही नाही. कंपनीला गट नंबर आणि क्षेत्र हवंय, ते फॉर्मवर आधीच लिहिलेलं आहे. मग सातबारा कशाला? एखाद्या अनुदान योजनेसाठी लागत असेल तर ज्यांना अनुदान हवं त्यांच्याकडूनच आणि त्या वेळीच मागा. आधारचंही तसंच. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधला खासगी संस्थांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला आहे. ओळखीसाठी कागद हवाच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं हे सांगा, आणि दुसरा ओळखपुरावाही चालू द्या. पासबुकाचा फोटो फक्त पैसे परत द्यायचे झाले तरच लागतो, तेव्हा तो त्या वेळी मागावा.

ज्या बाबीपुढचं वाक्य पूर्ण होत नाही ती बाब फॉर्ममधून काढा, धोरण लिहिण्याच्या आधीच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 हाही हेच सांगतो: ठरवलेल्या हेतूला जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच संमती ग्राह्य.

तिसरी तयारी, माहिती कुणाकुणाच्या हातात जाते त्याची. ‘तृतीय पक्ष’ असं लिहून मोकळं होता येणार नाही. आपल्या कंपनीत ही माणसं अशी निघतील: रोपं पुरवणारी नर्सरी, टेम्पोचालक, एसएमएस पाठवणारी कंपनी, पैसे घेणारं पेमेंट गेटवे, सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी आणि गूगल. प्रत्येकाला नेमकं काय जातं ते त्या-त्या माणसाला विचारा. नर्सरीला रोपांची संख्या आणि तारीख पुरते, तरी सवयीने सगळी एक्सेल शीट पाठवली जात असेल तर ती सवय आजच बदलावी लागेल. पेमेंटबद्दल लिहिताना विशेष काळजी घ्या. कार्डाचा नंबर शेतकरी गेटवेच्या पानावर भरतो. कंपनीकडे व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि व्यवहार यशस्वी झाला की नाही एवढंच येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने पूर्ण कार्ड नंबर साठवायचा नाही, तेव्हा ‘आपली कार्ड माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं लिहिणं चुकीचं ठरेल. ‘तुमचा कार्ड नंबर आमच्याकडे येतच नाही’ हे खरं आहे आणि वाचणाऱ्याला धीरही देतं.

यादीत सल्लागाराचा स्वतःचा फोन विसरू नका. फोटो वेबसाइटवरून त्याच्या फोनवर आणि तिथून शेतकऱ्यांच्या एखाद्या ग्रुपवर जात असतील, तर तेही माहिती देणंच झालं.

किती दिवस ठेवता हा प्रश्न आला की ‘आवश्यक कालावधीपर्यंत’ असं लिहायचा मोह होतो. त्याऐवजी पिकाचा हिशेब धरा. रोपांची नोंद मुख्य पीक आणि त्यामागचा पिलबाग निघेपर्यंत ठेवली तर तक्रारीच्या वेळी उपयोगी पडते. पानाचा फोटो सल्ला दिल्यावर तीन महिन्यांनी पुसता येईल. पावत्यांचं तसं नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात, म्हणून नाव काढून टाका म्हणणाऱ्याचीही पावती लगेच पुसता येणार नाही हे आधीच सांगितलेलं बरं. सर्व्हरच्या लॉगसाठी सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2022 च्या निर्देशांत 180 दिवसांची मुदत आहे, आणि माहिती संरक्षण कायद्याच्या नव्या नियमांत काही नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. बॅकअप किती दिवसांनी पुसला जातो तेही वेबसाइटवाल्याला विचारून घ्या, नाहीतर ‘पुसलं’ हा शब्द अर्धाच खरा राहतो.

एवढं कागदावर उतरलं की लिहायला बसा. जुन्या पानावर असं वाक्य सापडेल: ‘आपली वैयक्तिक माहिती सेवासुधारणेच्या प्रयोजनार्थ संबंधितांना उपलब्ध करून देण्यात येऊ शकते.’ यात देणारा कोण, घेणारा कोण, आणि देतात की नाही, काहीच नाही. हाती आलेल्या यादीवरून तेच असं होतं: ‘तुमचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर आम्ही टेम्पोचालकाला देतो, कारण रोपं उतरवण्याआधी त्याला तुम्हाला फोन करावा लागतो. दुसरं काही त्याला देत नाही.’ प्रत्येक बाबीसाठी असा एक छोटा परिच्छेद करा. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ दोघंही वाक्यात दिसले पाहिजेत.

फॉर्मच्या बटणाजवळ याचीच एक छोटी सूचना वेगळी हवी. माहिती संरक्षण कायद्याच्या नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांप्रमाणे ती सूचना दुसरं काही न वाचता स्वतःपुरती समजली पाहिजे. त्यात कुठली माहिती आणि कशासाठी याची बाबवार यादी, संमती मागे घेण्याची लिंक, आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची ते असलं पाहिजे. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात, पण फॉर्म दुरुस्त करायला तेवढं थांबायचं कारण नाही. इंग्रजी सूचनाही ठेवा, कारण निवड वाचणाऱ्याची असते. आणि जाहिरातीच्या मेसेजची परवानगी रोपांच्या नोंदणीला चिकटवू नका. तिची चौकट वेगळी आणि आधी रिकामी असावी. संमती द्यायला एक बटण लागत असेल तर मागे घ्यायलाही तेवढंच सोपं हवं. कार्यालयात येऊन अर्ज द्या म्हणणं चालणार नाही.

शेवटी मसुदा छापून दोन-तीन सभासदांना वाचायला द्या. एक यावलचा, एक अमळनेरकडचा असला तर उत्तम, कारण एकाच्या घरी लेवा बोली आणि दुसऱ्याच्या घरी अहिराणी असेल, आणि दोघंही छापील मराठी सहज वाचतात तरी अडतात वेगवेगळ्या ठिकाणी. ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं. कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: भाऊ, तुमच्या बागेचा फोटो कोण कोण बघतं? नाव काढायचं झालं तर काय कराल? कशाची नोंद लगेच पुसली जाणार नाही? ज्या प्रश्नाला उत्तर चुकलं तो परिच्छेद पुन्हा लिहा आणि दुसऱ्याच माणसाला दाखवा. पानाच्या वर तारीख घाला, जुनी आवृत्ती जपून ठेवा, आणि पुढे कधी विमा कंपनीला यादी द्यायची वेळ आली तर नुसतं पान बदलून भागणार नाही, प्रत्येकाची संमती नव्याने घ्यावी लागेल, हे कंपनीच्या संचालकांना बैठकीत आत्ताच सांगून ठेवा.