वळवाच्या कैऱ्यांचं लोणचं: मीठ वजनावर घ्या आणि तेलाचं काम समजून घ्या

वळवाच्या वाऱ्याने कैऱ्या पडल्यात आणि यंदा बरेच जण विकायला लोणचं घालतायत, म्हणून लिहितोय. आपटून मऊ पडलेली, चिरलेली कैरी घेऊच नका, कडक तेवढी निवडा, धुवा आणि पुसून पूर्ण कोरडी करूनच फोडी करा.

लोणच्यात पाणी भरपूर असतं, फक्त मीठ ते धरून ठेवतं आणि जंतूंच्या वाट्याला येऊ देत नाही. जंतूंना मिळू शकणाऱ्या पाण्याचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १, ताज्या कैरीची ०.९८ च्या आसपास. ०.९१ च्या खाली कुजवणारे बहुतेक बॅक्टेरिया थांबतात, पण बुरशी साधारण ०.८० पर्यंत तग धरते, आणि खरी गोम इथेच आहे.

आता ५ किलो फोडी धरा, त्यात पाणीच सव्वाचार किलोच्या आसपास. अर्धा किलो मीठ घातलं तर माप ०.९३ वर अडकतं, पाऊण किलो घातलं तर ०.९० च्या जवळ येतं. म्हणजे पाऊण किलोने बॅक्टेरिया आवरतात, वर कैरीचा आंबटपणा मदतीला असतोच, पण बुरशी फक्त मिठाने थांबत नाही. आणि मीठ वजन करूनच घ्या, वाटीने नको, कारण जाड मीठ वाटीत कमी भरतं आणि तिथेच हिशोब चुकतो.

साखरेचं तसं नाही, ती मिठापेक्षा खूप कमी जोरात पाणी बांधते. ०.९० गाठायला मीठ १४-१५ टक्के पुरतं, साखर मात्र ५८ टक्क्यांच्या आसपास लागते. म्हणून साखरांब्याचा पाक आटवून घट्ट करावाच लागतो, गोड कमी करायचं म्हणून साखर कापली की तो आंबतो, फेस येतो, दारूसारखा वास येतो.

तेल वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी कमी करत नाही, ते पाण्यात मिसळतच नाही. ते हवा अडवतं, आणि बुरशीला हवा लागते. म्हणून तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून घाला, फोडींच्या वर निदान अर्धा सेंटीमीटर थर राहू द्या. दोन-तीन दिवसांनी परत बघा, फोडी तेल पितात आणि वरच्या उघड्या पडतात, बुरशी पहिली तिथेच धरते. फोडणीचा मसाला गरम असतानाच घालून लगेच झाकण लावलं की झाकणाला वाफ धरते, थेंब त्या उघड्या फोडींवर पडतात आणि तेवढ्या जागेचं मीठ पातळ होतं, त्यामुळे गार होईपर्यंत नुसता दादरा बांधा.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. लसूण किंवा हिरवी मिरची कैरीसारखी आंबट नसते, ती कमी मिठात नुसती तेलात बुडवली तर हवा नसलेल्या जागी बोटुलिनम नावाचा, जीवघेणं विष तयार करणारा जंतू वाढू शकतो, वास-चवीवरून कळेलच असं नाही. अशा लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर पाहिजे, आणि विकायचं असेल तर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जे जितकं कमी तितकं लोणचं जास्त आंबट, लॅबमधून तपासून ४.६ च्या चांगला खाली आहे याची खात्री करूनच पॅक करा.