स्टँडर्ड टाइम काढताना घड्याळापेक्षा रेटिंग जास्त फसवतं

टाइम स्टडी म्हणजे काम घड्याळाने मोजून एका नगाला किती वेळ द्यायचा, म्हणजे स्टँडर्ड टाइम, ते ठरवणं. त्यात नव्याने येणारे स्टॉपवॉच सांभाळण्यात गुंततात. घड्याळ दोन दिवसांत हाताला बसतं. खरी कसोटी रेटिंगची, म्हणजे ऑपरेटर सामान्य गतीच्या मानाने किती वेगाने काम करतोय हे ठरवण्याची. सामान्य गती १०० धरतात.

हँड-लोडिंग प्रेसवर बुश बसवण्याचं काम घ्या. पहिला एलिमेंट, म्हणजे कामाचा वेगळा मोजलेला तुकडा, पार्ट उचलून फिक्स्चरमध्ये ठेवण्याचा. त्याची तीन रीडिंग ०.१८, ०.२० आणि ०.२२ मिनिटं आली. घाईच्या वेळी रेटिंग १२०, नंतर ११०, मग १०० दिलं. वेळेला रेटिंगने गुणून १०० ने भागलं की तिन्ही वेळा साधारण ०.२२ येतं, म्हणजे रेटिंग जमलं. वेळ बदलतेय आणि रेटिंग मात्र सगळीकडे १०० च, असं असेल तर ते डोळ्यांनी नव्हे, भीतीने दिलेलं असतं. नवख्यांचं बहुधा असंच होतं: वेगवान माणसाला कमी आणि संथ माणसाला जास्त रेटिंग मिळतं. म्हणून काम चालू असतानाच, काट्याकडे बघण्याआधी रेटिंग लिहा. आकडा दिसला की मन त्याच्याशी जुळवून घेतं.

दुसरा एलिमेंट प्रेस स्वतः चालण्याचा, ०.१५ मिनिट. याला रेटिंग लावायचं नाही, १०० च धरायचं. माणूस कितीही चपळ असला तरी रॅम आपल्याच गतीने खाली येतो. तिसरा, पार्ट काढून गेजने तपासून बिनमध्ये टाकणे: सरासरी ०.२०, रेटिंग ९०, म्हणजे ०.१८. शिवाय दर ५० नगांनंतर बिन बदलायला १.५ मिनिटं लागतात (रेटिंग १००). एका नगाच्या वाट्याला ०.०३. सगळं मिळून नॉर्मल टाइम, म्हणजे सामान्य गतीने एका नगाला लागणारा वेळ, ०.५८ मिनिट.

आता अलाउन्स, म्हणजे नॉर्मल टाइमवर द्यायचा जादा वेळ; तो मिळवला की स्टँडर्ड टाइम निघतो. वैयक्तिक गरजा, थकवा आणि किरकोळ अडथळे मिळून इथे १२ टक्के धरू. बिन बदलणं वर मोजलंय, ते पुन्हा यात घालू नका; दुहेरी मोजणी बहुतेकदा इथेच घुसते. पण १२ टक्के कशाचे? नॉर्मल टाइमचे असतील तर ०.५८ × १.१२, म्हणजे सुमारे ०.६५ मिनिट. शिफ्टच्या एकूण वेळेचे असतील तर ०.५८ ÷ ०.८८, म्हणजे सुमारे ०.६६. फरक किरकोळ वाटतो, पण ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये पहिल्या हिशेबाने सुमारे ७३८ नग निघतात, दुसऱ्याने ७२८. सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यात वाद पेटायला दहा नग पुरतात, तेव्हा शीटवर टक्केवारीशेजारीच तिचा आधार लिहून ठेवा.