आभार मानायला उभं राहण्याआधी

स्नेहसंमेलनाच्या आभारांसाठी कार्यालयातून मुद्द्यांचा कागद येतो: ‘अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, 14 नाच, 2 नाटुकली, पालक संघ – पोहे, टेंट, माइक, शिपाईमामा.’ हा कागद आठवडाभर आधीचा असतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. निमंत्रणपत्रिकेत छापलेले पाहुणे येतीलच असं नाही. गेल्या वर्षी माझं नेमकं हेच बघायचं राहिलं. बदली आलेले पाहुणे समोर बसलेले आणि आभार न आलेल्यांचे! म्हणून मसुद्यात पाहुण्यांच्या नावाची जागा कोरीच ठेवा.

वेळ तीन मिनिटं धरा, म्हणजे साधारण 300 शब्द. इंदूरच्या जानेवारीत रात्री साडेनऊला पालक मुलांना स्वेटर चढवत असतात, त्याहून जास्त कोणी ऐकत नाही.

आता मुद्दे बोलते करा. ‘पालक संघ – पोहे’ हे तसंच वाचलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं. त्यांनी काय केलं ते म्हणा: ‘दुपारपासून रंगपटात मुलांच्या वेण्या घालणाऱ्या आणि प्रत्येकाच्या हातात गरम पोहे देणाऱ्या आमच्या पालक भगिनी, त्यांचे मनापासून आभार.’ 14 नाचांची नावं घेऊ नका, बसवणाऱ्या शिक्षकांचे एकत्र आभार माना. नावांची आद्याक्षरं, कंस, तिरप्या रेघा तोंडाने बोलता येत नाहीत, तेव्हा नाव पूर्ण लिहा. आडनाव नीट उच्चारता येतं का, ते त्या माणसालाच विचारा. सभागृहात हिंदी बोलणारे पालक असतात, त्यांच्यासाठी शेवटी दोन वाक्यं हिंदीत ठेवा, पण ती आधी लिहून ठेवा. ऐनवेळी जुळवायला गेलात की अडखळता.

मसुदा मोठ्याने, उभं राहून वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. ‘आभार’ हा शब्द प्रत्येक ओळीत आला तर कान बधिर होतात, मधूनमधून ‘ऋणी आहोत’, ‘यांच्यामुळेच हे झालं’ असं येऊ द्या.

आणि पुन्हा तेच, कोरी जागा! पाहुणे व्यासपीठावर बसले की पेन्सिलीने नाव आणि पद भरा. पत्रिका बघून नको, खुर्च्या बघून भरा. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना विचारून खात्री करा. शेवटच्या नाचाच्या वेळी परत बघा, कारण कुणी लवकर निघून गेलेलं असतं, कुणी मध्येच येऊन बसलेलं असतं. गेलेल्यांचेही आभार मानायचे, फक्त ‘इथे उपस्थित असलेले’ म्हणायचं नाही.

बाकी थोडक्यात. अक्षर मोठं, कागदाच्या एकाच बाजूला. टेंटवाले, माइकवाले, शिपाईमामा यांना शेवटी घाईत गुंडाळू नका. देणगीचे आकडे सांगू नका. राष्ट्रगीत आभारांनंतर आहे का ते आधी विचारा. असेल तर पेटीवर बसणाऱ्या सरांना तुमचं शेवटचं वाक्य सांगून ठेवा. आणि उठण्याआधी खुर्च्यांकडे एक नजर टाकाच.