आयुर्वेदिक धाटणीचा स्पा: मेनूआधी एका अभ्यंगाचा हिशोब

सोलापुरात असा स्पा काढायचा म्हटलं की पहिली घाई होते ती वीस-पंचवीस उपचारांचा रंगीत मेनू छापण्याची. आमचं मत उलटं आहे. अभ्यंग, त्यानंतर वाफ, आणि शिरोधारा एवढ्यावर सुरुवात करा. वमन, विरेचन, बस्ती यांना नोंदणीकृत वैद्यच हवेत. वैद्य नसतील तर पाटीवर 'पंचकर्म' हा शब्दसुद्धा लिहू नका.

एका अभ्यंगाला दीड तास धरा. 10 मिनिटं विचारपूस, 45 मिनिटं मालिश, 10 मिनिटं वाफ, 15 मिनिटं अंघोळ आणि विसावा, उरलेली 10 खोली आवरायला. ही शेवटची 10 मिनिटं सगळे विसरतात आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला तासभर ताटकळावं लागतं. म्हणजे एका टेबलावर नऊ तासांत सहाच गिऱ्हाइकं होतात. दर ठरवताना हाच आकडा धरा.

माणशी 100 ते 150 मिली तेल लागतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको, आणि आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघा. थंडीत तिळाचं तेल चांगलं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात बहुतेकांना खोबरेल बरं वाटतं. उरलेलं तेल दुसऱ्याला वापरायचं नाही आणि मोरीतही ओतायचं नाही. अंगावरचं तेल आधी जुन्या कापडानं टिपून घ्या, मग मुगाचं पीठ लावून अंघोळ. तेल आणि पीठ मिळून नळीत लगदा धरतो, म्हणून मोरीला जाळी हवीच.

पाण्याचा हिशोब इथे फार महत्त्वाचा, कारण शहरात नळाला पाणी रोज येत नाही. अंघोळीला माणशी 25 लिटर, म्हणजे सहा जणांना 150. टॉवेल-चादरींच्या दोन धुण्यांना 200, हात-फरशीला 50. रोजचे 400 लिटर झाले. पाच दिवस तग धरायचा तर 2,000 लिटरची टाकी लागते.

टॉवेल आपल्या गावचेच घ्या, सोलापुरी टेरी टॉवेल तेल छान शोषतो. पण त्यातच एक धोका आहे. धुऊनही सुतात तेल उरलं तर ते हवेशी संयोग पावतं आणि त्यातून उष्णता निघते. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल तसेच रचून ठेवले की ही उष्णता ढिगाच्या आत कोंडते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. अशा आगी स्पांच्या धुलाईत खरंच लागलेल्या आहेत. म्हणून त्याच दिवशी, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून धुवा, दोरीवर वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला. धुतल्यावरही खवट वास येणारा टॉवेल म्हणजे आत तेल मुरलंय. तो बाद करा.

थेरपिस्टच्या प्रशिक्षणात हात शिकवायला वेळ जातोच, पण नकार द्यायला शिकवणं जास्त गरजेचं आहे. लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल, जोर अंगठ्याचा नाही तर शरीराच्या वजनाचा. नुसत्या अंगठ्यानं काम करणाऱ्यांचे अंगठे लवकर दुखू लागतात. कण्याच्या मणक्यांवर, गळ्यावर आणि गुडघ्यामागच्या खळगीत दाब द्यायचा नाही.

समजा, एक बाई आल्या: "लांबच्या प्रवासानं पोटरी दुखतेय, जरा चोळून द्या ना." थेरपिस्टनं दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहायच्या. एकच सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तेव्हा हात लावायचा नाही. "ताई, आज मालिश नको, आत्ताच डॉक्टरांना दाखवा," असं सांगून पैसे परत द्यायचे. हा प्रसंग थेरपिस्टकडून पाच-सहा वेळा नाटकासारखा करून घ्या, कारण समोर गिऱ्हाईक आग्रह करत असताना 'नाही' म्हणणं जड जातं. ताप, गरोदरपण, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर वाफही नाही. बाकीच्यांनाही डोकं पेटीबाहेर ठेवून आणि थेरपिस्ट शेजारी उभी असतानाच वाफ द्या.

आता जाहिरात. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात, पक्षाघात, रक्तदाब हे सगळे 1954च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीतले आजार आहेत. ते बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिराती त्यात अडकतात. 'गुडघेदुखी सात दिवसांत गायब' हे बोर्डावर नको आणि व्हॉट्सॲप स्टेटसलाही नको. त्याऐवजी असं लिहा: 'तिळाच्या कोमट तेलानं सर्वांगाला अभ्यंग, 45 मिनिटं, नंतर वाफ, 10 मिनिटं. स्त्रियांसाठी स्त्री थेरपिस्ट, पुरुषांसाठी पुरुष. आराम मिळावा म्हणून. हा आजारावरचा उपचार नाही.' खाली पूर्ण दर छापा, तेल आणि अंघोळ धरून.