फोटोतल्या वर्कशीटवरची असमानता: बाजू चुकू नये म्हणून शून्य घालून पाहा

ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटवायचं राहतं आणि संख्यारेषेवरचा बाण भलत्याच दिशेला जातो. त्यावर हा सोपा उपाय. उदाहरण: 7 − 2x ≤ 1.

1. आधी फोटो मोठा करून चिन्ह नीट बघा. ≤ मधली खालची रेघ अंधूक फोटोत हमखास पुसट होते आणि < वाटतं. त्याच पानावरच्या दुसऱ्या स्पष्ट चिन्हाशी ताडून पाहा.

2. चिन्हाच्या जागी = मानून सोडवा: 7 − 2x = 1, म्हणजे x = 3. संख्यारेषेवर 3 वर गोल काढा. ≤ किंवा ≥ असेल तर भरीव, < किंवा > असेल तर पोकळ. इथे भरीव.

3. आता मूळ असमानतेत x = 0 घाला: 7 ≤ 1. हे खोटं, म्हणून शून्य ज्या बाजूला आहे ती बाजू सोडा आणि 3 पासून उजवीकडे बाण काढा. उत्तर x ≥ 3. खरं आलं असतं तर बाण शून्याच्या बाजूला गेला असता.

गोल शून्यावरच आला तर मात्र 0 ऐवजी 1 घाला. आणि किंमत फोटोतल्या मूळ ओळीतच घाला. मधल्या पायरीत घातली तर आधीची चूक लपून राहते.